ओव्हरक्लॉक टेस्टमध्ये पास, गेममध्ये मात्र रोज क्रॅश: कोअर आणि मेमरीचा ऑफसेट नीट कसा काढायचा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची केस हीच आहे का ते कळेल. ग्राफिक्स कार्डाचा स्पीड वाढवायला आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअर आणि मेमरीचे स्लायडर वर ढकलले, अर्धा तास फरमार्क ही लोड टेस्ट लावली, काही झालं नाही, म्हणून प्रोफाइल सेव्ह करून टाकलं. मग संध्याकाळी गेम लावला की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन काळी, गेम बंद, डेस्कटॉपवर बाहेर. परत टेस्ट लावली की परत पास. ड्रायव्हर बदलला, गेमच्या फाइल्स तपासल्या, विंडोज पण नवीन टाकून झालं, तरी तेच.

ऐरोलीच्या एका मित्राकडे एप्रिलपासून हेच चाललं होतं, त्याच्या कार्डावर आकडे कसे शोधले ते खाली सगळं लिहितोय. कार्ड साधं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, दोन पंख्यांचं. कुठल्यातरी व्हिडिओत बघून कोअरला +१६५ आणि मेमरीला +१००० मेगाहर्ट्झचा ऑफसेट, म्हणजे मूळ क्लॉकच्या वर तेवढी वाढ, लावलेला. हे सगळं एनव्हिडियाच्या कार्डांबद्दल आहे बरं का, एएमडीवाल्यांचे स्लायडर वेगळे चालतात, त्यांनी हे आकडे घेऊ नका. खरं तर ३०६० वाल्यांनी पण घेऊ नका, त्याच मॉडेलचं शेजारच्याचं कार्ड ५० मेगाहर्ट्झने वेगळं निघतं.

पहिलं काम म्हणजे क्रॅश नक्की कोणी केला ते बघायचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्स, त्यात सिस्टम उघडा आणि क्रॅश झाला त्या वेळेची नोंद शोधा. तिथे `nvlddmkm` नावाची लाल नोंद असेल किंवा `Display` ची `4101` असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला आणि विंडोजने तो रीसेट केला असा अर्थ. विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट बघतं, नाही आलं की ड्रायव्हर परत चालू करतं, त्यात गेम मरतो. गेम कधी कधी स्वतः पण `DXGI_ERROR_DEVICE_REMOVED` किंवा `DEVICE_HUNG` असा मेसेज टाकतो, गोष्ट तीच. पण अख्खा पीसीच धाडकन बंद होऊन परत चालू झाला आणि लॉगमध्ये फक्त `Kernel-Power` `41` दिसतंय, तर ऑफसेटच्या मागे लागण्याआधी पॉवर सप्लाय आणि कार्डाची पॉवर केबल बघा. आणि हो, ही ४१ वाली नोंद लाइट क्षणभर गेली तरी येते, पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको, तेव्हा यूपीएस नसेल तर त्या नोंदीवरून लगेच काही ठरवू नका.

मित्राच्या लॉगमध्ये `nvlddmkm` ची रांगच लागली होती. म्हणजे दोषी ऑफसेटच. मग टेस्ट पास कशी होत होती?

इथे गंमत आहे. कोअरचा स्लायडर +१६५ केला म्हणजे कार्ड एका ठरावीक क्लॉकवर जाऊन बसत नाही. कार्डाच्या आत एक टेबल असतं, इतक्या व्होल्टेजला इतका क्लॉक, जिन्याच्या पायऱ्यांसारखं, आणि कार्ड दर क्षणाला लोड, वॅट आणि टेंपरेचर बघून त्या पायऱ्यांवर वरखाली करत असतं. ऑफसेट दिला की अख्खा जिनाच तेवढा वर उचलला जातो, व्होल्टेज मात्र प्रत्येक पायरीचं होतं तेच राहतं. आता त्यातली कुठली एक पायरी कच्ची निघाली तरी कार्ड तिथे पाय ठेवलं की पडणार, बाकी सगळ्या पायऱ्या कितीही पक्क्या असल्या तरी.

आणि फरमार्क काय करतो, तर कार्डावर इतका लोड टाकतो की ते लगेच वॅटच्या लिमिटला जाऊन आपटतं. ३०६० चं लिमिट १७० वॅट. त्या लिमिटमध्ये राहायचं म्हणून कार्ड स्वतःच व्होल्टेज आणि क्लॉक खाली आणतं. मित्राच्या कार्डाचा क्लॉक फरमार्कमध्ये १७४० च्या आसपास होता आणि गेम सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात २०८५. म्हणजे अर्धा तास टेस्ट झाली ती खालच्या पायऱ्यांची, गेम चालला वरच्या पायऱ्यांवर. फरमार्क पास होणं म्हणजे कूलर आणि पॉवर सप्लाय ठीक आहे एवढंच कळलं, ओव्हरक्लॉकबद्दल जवळपास काहीच नाही.

दुसरी गोष्ट टेंपरेचरची, आणि ती आपल्याकडे जास्त छळते. कार्ड गरम होत गेलं की तेच व्होल्टेज असताना क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झने खाली येत जातो, आणि थंड असलं की तेवढाच वर चढतो. मित्र टेस्ट करायचा मे महिन्यातल्या दुपारी, खोलीत पंखा, बाहेर घाम, कार्ड ७८ डिग्रीवर. खेळायचा रात्री जेवण झाल्यावर एसी लावून, कार्ड ४५ वरून सुरू. थंड कार्डाला बूस्ट दोन-तीन पायऱ्या वरचा मिळतो, म्हणून क्रॅश नेहमी सुरुवातीच्या काही मिनिटांत. त्याला वाटत होतं की थंड आहे म्हणजे सेफ आहे. त्याचं पण अगदीच चूक नाही, तोच क्लॉक थंड कार्डाला जास्त सोपा जातो, पण इथे क्लॉक तोच राहतच नाही ना.

तर आता खरं काम. सगळ्यात आधी आफ्टरबर्नरमध्ये रीसेट दाबा, दोन्ही ऑफसेट शून्य. कार्ड कंपनीचं स्वतःचं ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर पण टाकलेलं असेल तर ते काढून टाका, दोन प्रोग्रॅम एकाच कार्डाला सेटिंग देत असले की कोणाचा आकडा लागू आहे ते कधीच कळत नाही, आणि ही कटकट लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त ठिकाणी निघते. विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करायचं बटण आहे ते बंद ठेवा, शेवटपर्यंत. बंद असलं की क्रॅश झाल्यावर रीस्टार्ट केलं की कार्ड मूळ सेटिंगवर येतं, नाहीतर कच्चा ऑफसेट डेस्कटॉप आला रे आला की परत लागतो आणि मग सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढत बसावं लागतं.

कोअर व्होल्टेजच्या स्लायडरला हात लावू नका, त्यातून मिळतं फार थोडं आणि उष्णता वाढते. पॉवर लिमिट जितकं उजवीकडे जातंय तितकं न्या, काही ३०६० वर ते १०० च्या पुढे जातच नाही, तसं असेल तर सोडून द्या. पंख्याचा स्पीड आत्ताच ठरवून टाका, उदाहरणार्थ टेस्ट होईपर्यंत सरळ ७० टक्के फिक्स, कारण पंखा मध्येच कमीजास्त झाला की टेंपरेचर हलतं, टेंपरेचर हललं की क्लॉक हलतो, आणि मग तुम्ही कशाची टेस्ट करताय तेच कळत नाही.

आता मूळ सेटिंगवर एक बेंचमार्क. सुपरपोझिशन चालेल, हेवन चालेल, गेमच्या आतलाच बेंचमार्क असेल तर सगळ्यात उत्तम. तीनदा लावा, पहिला सोडून द्या, कारण त्यात कार्ड थंड असतं, बाकी दोनचा आकडा लिहून ठेवा. हा आकडा नसेल तर मेमरीच्या वेळी तुम्ही आंधळे असाल, ते पुढे येतंच. आणि बाजूला कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालू ठेवा:

```
nvidia-smi --query-gpu=timestamp,clocks.gr,clocks.mem,temperature.gpu,power.draw --format=csv -l 1 -f D:\gpu.csv
```

दर सेकंदाला क्लॉक, टेंपरेचर आणि वॅट त्या फाइलमध्ये जमा होतात. फायदा असा की क्रॅश झाल्यावर फाइल उघडली की शेवटच्या ओळींत दिसतं कार्ड कुठल्या क्लॉकवर असताना पडलं. डी ड्राइव्ह नसेल तर पाथ बदला.

आधी फक्त कोअर. मेमरी शून्यावरच. सुरुवात +६० पासून करा, बेंचमार्क दहा मिनिटं फिरवा, मग +३० वाढवा, परत. +१०० च्या पुढे गेलात की १५-१५ ने चढा, कारण क्लॉक तसाही १५ च्या पायरीनेच हलतो, +१०७ आणि +१११ मध्ये काही फरक पडत नाही, उगाच बारीक आकडे खेळत बसू नका. मित्राचं कार्ड +१३५ ला पूर्ण चाललं, +१५० ला काही मिनिटांत पडलं, आणि फाइलमध्ये शेवटचा क्लॉक २०७० होता. एकदा क्रॅश झाला की पुढची टेस्ट करण्याआधी पीसी रीस्टार्ट करा, नुसतं रीसेट दाबू नका, ड्रायव्हर रीसेट झाल्यावर कार्ड कधी कधी खालच्या क्लॉकला अडकून बसतं आणि मग पुढचा निकाल खोटा येतो.

बहुतेक जण इथे थांबतात आणि +१३५ सेव्ह करतात. रोजच्या क्रॅशचं मूळ तिथेच आहे. बेंचमार्कमध्ये पास झालेला आकडा म्हणजे वरची हद्द, तुमचा आकडा त्याच्या खाली कुठेतरी आहे, आणि तो शोधायला तीन वेगळ्या प्रकारचा लोड लागतो.

एक, थंड सुरुवात. पीसी पंधरा-वीस मिनिटं रिकामा ठेवा, एसी असेल तर लावा, आणि मग गेम थेट सुरू करून खेळायला लागा. कार्ड सगळ्यात वरच्या पायरीवर असतं ती हीच वेळ.

दोन, अर्धवट लोड. आफ्टरबर्नरबरोबर रिव्हाट्यूनर येतो, त्यात फ्रेमरेट ६० ला बांधा आणि तोच गेम खेळा. आता कार्डाला पूर्ण जोर लावावा लागत नाही, त्यामुळे ते जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवर फिरत राहतं, ज्या फुल लोडच्या टेस्टमध्ये कधी वापरल्याच जात नाहीत. मेन्यूत जा, मॅप उघडा, ऑल्ट-टॅब करून बाहेर या, परत आत जा. लोड झटकन वरखाली होतो तेव्हा बरीच कार्डं पडतात. ज्यांचा गेम मेन्यूत किंवा लोडिंग स्क्रीनवर मरतो आणि ज्यांना वाटतं की लोडच नव्हता मग ओव्हरक्लॉकचा काय संबंध, त्यांनी ही टेस्ट नक्की करा.

तीन, रे ट्रेसिंग. ते चालू असलं की चिपचे एरवी रिकामे बसलेले भाग कामाला लागतात आणि साध्या बेंचमार्कमध्ये तासभर टिकलेला क्लॉक इथे टिकत नाही. तुम्ही रे ट्रेसिंगवाले गेम खेळतच नसाल तर ही टेस्ट सोडली तरी चालेल, पण मग उद्या खेळायला लागलात तर आठवण ठेवा.

मित्राच्या कार्डाने +१३५ ला थंड सुरुवात पास केली नाही. +१२० ला केली, ६० फ्रेमवाली पण केली, रे ट्रेसिंगमध्ये मात्र पडलं. +१०५ ला तिन्ही ठीक. म्हणून मग आम्ही +९० ठेवलं, एक पायरी अजून खाली, कारण अजून मेमरी लावायची होती. +१६५ वरून +९० म्हणजे त्याला फार मोठं नुकसान वाटलं, पण १९००-२००० च्या क्लॉकवर ७५ मेगाहर्ट्झ म्हणजे चार टक्क्यांच्या आत, आणि फ्रेममध्ये त्याहून कमी. त्यासाठी रोज गेम मरू द्यायचा का हे ज्याचं त्याने ठरवावं, माझं उत्तर नाही असंच आहे.

आता मेमरी. कोअर परत शून्यावर आणा, हे महत्त्वाचं आहे, नाहीतर क्रॅश झाला तर दोघांपैकी कोणामुळे ते कळणार नाही. ३०६० ची मेमरी आफ्टरबर्नरमध्ये ७५०० च्या आसपास दिसते, खरा डेटा रेट त्याच्या दुप्पट, १५ जीबीपीएस. म्हणजे स्लायडरवर +५०० केलं की प्रत्यक्षात १६ जीबीपीएस, आणि १९२ बिटच्या बसवर बँडविड्थ ३६० वरून ३८४ जीबी प्रति सेकंद. म्हणून मेमरीचे आकडे एवढे मोठे दिसतात, कोअरशी तुलना करू नका.

मेमरीचं वागणं कोअरपेक्षा वेगळं आहे. कोअर कच्चा असला की सरळ क्रॅश देतो, प्रामाणिक आहे बिचारा. मेमरी मात्र चुका झाल्या तरी बऱ्याचदा चालूच राहते, कारण या मेमरीत डेटा जाताना-येताना तपासायची सोय असते, चूक सापडली की तोच डेटा परत पाठवला जातो. जीडीडीआर६एक्सवाल्या मोठ्या कार्डांवर हे फारच स्पष्ट दिसतं, तुम्ही स्लायडर वाढवत राहता, क्रॅश नाही, ठिपके नाहीत, आणि फ्रेम मात्र हळूहळू कमी होत जातात, कारण कार्डाचा वेळ परत पाठवण्यातच जातोय. ३०६० वर असते त्या साध्या जीडीडीआर६ वर ठिपके आणि क्रॅश लवकर येतात, पण फ्रेम घटायचा प्रकार तिथे पण दिसू शकतो. तेव्हा मेमरीला नियम वेगळा: क्रॅश झाला नाही हे पुरेसं नाही, स्कोअर वाढला का ते बघायचं.

+२०० पासून सुरू करा, १०० ने चढा, दर वेळी तोच बेंचमार्क तशाच गरम कार्डावर. मित्राच्या गेममधल्या बेंचमार्कला मूळ सेटिंगवर सरासरी ६१ फ्रेम होत्या. +३०० ला ६२, +५०० ला ६३, +६०० ला ६३ च्या जरा वर, +७०० ला वाढ थांबली, +८०० ला परत ६२. क्रॅश कुठेच नाही! व्हिडिओवाल्या +१००० ला सावल्यांमध्ये बारीक चौकोन चमकायला लागले, ते त्याला आधीपासून दिसत होते पण तो गेमचा बग समजत होता. चमकणारे ठिपके, चौकोनी तुकडे, पोत मध्येच बदलणं, हे सगळं बहुतेक वेळा मेमरीचं लक्षण. खात्री करायची असेल तर ओसीसीटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, वेगळी टेस्ट आहे, ती चुका मोजून दाखवते, आणि तिथे एक जरी चूक आली तरी तो आकडा बाद. मेमरी गरम झाल्यावर चुका वाढतात, म्हणून ही टेस्ट मात्र मुद्दाम दुपारी करा, कोअरच्या उलट.

सगळ्यात जास्त स्कोअर +६०० ला, म्हणून ठेवलं +५००. शिखरावर कधी ठेवू नका, खोली चार डिग्री गरम झाली की ते शिखर खाली सरकतं.

मग दोन्ही एकत्र, +९० आणि +५००. इथे अजून एक गोष्ट लक्षात येते, मेमरी वाढवली की ती पण त्याच १७० वॅटमधूनच वीज खाते, त्यामुळे कोअरचा क्लॉक एखादी पायरी खाली आलेला दिसेल. घाबरायचं कारण नाही, फ्रेम वाढल्या का तेवढं बघा. एकत्र केल्यावर क्रॅश आला तर आधी कोअर १५ ने कमी करा, तरीही आला तर मेमरी १०० ने, दोन्ही एकदम हलवू नका. मित्राच्या कार्डावर एकत्र ६५ फ्रेम मिळाल्या, म्हणजे मूळपेक्षा साडेसहा टक्के, आणि आधीच्या कच्च्या सेटिंगमध्ये किती मिळत होत्या माहितीये? ६४, कारण ती +१००० ची मेमरी उलटी पाय ओढत होती.

आठवडाभर रोजचं खेळणं सुरळीत झालं की मगच स्टार्टअपला लागू करायचं बटण दाबा. प्रोफाइल एक मध्ये हे सेटिंग ठेवा आणि प्रोफाइल दोन मध्ये सगळं शून्य, म्हणजे कुठलाही गेम पडला की आधी दोनवर जाऊन बघता येतं. मोठा ड्रायव्हर अपडेट आला किंवा कार्डाची थर्मल पेस्ट बदलली तर थंड सुरुवातीची टेस्ट परत एकदा करा, बाकी सगळं परत करायची गरज नाही.

ज्यांचा क्रॅश +४५ सारख्या किरकोळ ऑफसेटला पण थांबत नाही त्यांच्यासाठी: बरीच कार्डं कंपनीतूनच वाढवलेल्या क्लॉकवर येतात, त्यांच्यात वर जागाच कमी उरलेली असते, तेव्हा तुमचं +३० आणि दुसऱ्याचं +९० एकाच ठिकाणी पोचत असेल. आणि शून्यावर पण `nvlddmkm` येत असेल तर स्लायडर उलटा फिरवा, कोअर -५०, मेमरी शून्य, आणि आठवडाभर तसंच खेळा. क्रॅश थांबला तर कार्ड स्वतःच्या मूळ क्लॉकला पण पुरत नाहीये, वॉरंटी असेल तर बिल शोधा आणि आफ्टरबर्नर पूर्ण काढून, मूळ सेटिंगवर क्रॅश होतोय हे दाखवून क्लेम टाका. -५० ला पण तसाच पडत असेल तर कोअरला सोडा, मेमरी -२०० करून बघा, आणि तरीही फरक नसेल तर पीसीच्या रॅमचा स्पीड वाढवणारं एक्सएमपी सेटिंग बंद करून बघा, कारण रॅम अनस्टेबल असली तरी लॉगमध्ये नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचंच येऊ शकतं.